एकाच मायक्रोमीटरची दोन सर्टिफिकेटं: छोट्या प्लांटचं कॅलिब्रेशन रजिस्टर कसं बांधायचं

कुपवाड एमआयडीसीत ज्या शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो तिथं तीस माणसं आहेत, पाच सीएनसी, दोन जुने लेथ, एक सेंटरलेस ग्राइंडर, आणि मोजमापाची साधनं सगळी धरून शेहेचाळीस. कॅलिब्रेशनचं रजिस्टर आमच्याकडं पहिल्यापासून होतं. वही होती, नंतर एक्सेल आलं, दरवर्षी सगळं कोल्हापूरच्या लॅबला जायचं, हिरवे स्टिकर लागायचे, फाइल जाड व्हायची. तरीही एका कस्टमरकडून बारा मिलीमीटरच्या पिनांचा अख्खा लॉट परत आला, कारण पिन बुशमध्ये जाईना.

ड्रॉइंगवर पिनेचा व्यास १२ एच ९, म्हणजे वरची हद्द १२.०००, खालची ११.९५७, सगळी मिळून ४३ मायक्रॉनची जागा. आमच्या रिपोर्टला सगळ्या पिना ११.९८ आणि ११.९९ च्या. कस्टमरच्या मशीनवर त्याच पिना १२.०० आणि १२.०१. म्हणजे आमचा मायक्रोमीटर ०.०२ कमी दाखवत होता. मायक्रोमीटर हातात घेऊन बंद केला तर झिरो खरंच दोन घरं खाली होता, आणि खोक्यावर मात्र हिरवा स्टिकर, मुदत अजून सात महिने बाकी.

मग फाइल काढून बसलो. ०-२५ चे दोन मायक्रोमीटर, एकाच कंपनीचे, दिसायला जुळे भाऊ. रजिस्टरला एक नंबर आणि दोन नंबर. दोघांची सर्टिफिकेटं समोरासमोर ठेवली तेव्हा दिसलं की लॅबनं दोन्हींवर कंपनीचा जो सिरिअल नंबर टाकलाय तो एकच आहे. आम्ही नंबर टाकले होते खोक्यांवर. कधीतरी कुणीतरी मायक्रोमीटर पुसून चुकीच्या खोक्यात ठेवला, एक खोकं मार्चला लॅबला गेलं, दुसरं जूनला, आणि दोन्ही वेळा आत बसून गेला तो एकच. दुसरा बिचारा दोन वर्षं लेथवरच, एकदाही लॅब न बघितलेला. लॅबची काही चूक नाही, त्यांनी जे हातात आलं ते मोजलं आणि त्याचा सिरिअल नंबर इमानदारीनं लिहिला, आम्हीच तो वाचला नाही.

तुमच्याकडं आजच दहा मिनिटांत होणारी तपासणी हीच आहे: सर्टिफिकेटं काढा आणि कंपनीचे सिरिअल नंबर एकमेकांशी आणि हातातल्या साधनाशी ताडून बघा. रजिस्टर नीट बांधायचं तर सुरुवात इथूनच होते, कारण नंबर चुकला की तारीख आणि स्टिकर दोन्ही भलत्याच साधनाचे होतात.

आता नंबर कसा द्यायचा. आमचा आधीचा नंबर असा होता की त्यात लेथचा नंबर, साइझ आणि वर्ष सगळं कोंबलेलं. दिसायला भारी, पण मायक्रोमीटर एका लेथवरून दुसऱ्यावर गेला की नंबर खोटा पडतो, आणि मग कुणीतरी तो बदलतो, आणि नंबर बदलला की जुनी सर्टिफिकेटं अनाथ. म्हणून आता नंबरात फक्त दोनच गोष्टी: प्रकार आणि क्रमांक. `MIC-04` म्हणजे चौथा मायक्रोमीटर, `VC-09` म्हणजे नववा व्हर्निअर, `PG-11` म्हणजे अकरावा प्लग गेज. तो कुठं आहे, केवढ्या रेंजचा आहे, कधी घेतला, हे सगळं रजिस्टरच्या वेगळ्या कॉलममध्ये, कारण त्यातलं बरंच बदलणारं आहे आणि नंबर बदलता कामा नये. कंपनीचा सिरिअल नंबरही वेगळ्या कॉलममध्ये हवाच, वरच्या भानगडीत तोच कामाला आला.

आणि नंबर साधनाच्या अंगावर. खोक्यावर पण टाका, पण आधी अंगावर. मायक्रोमीटरला फ्रेमवर कोरतात, व्हर्निअरला पट्टीच्या मागच्या बाजूला, डिजिटल व्हर्निअरला बॅटरीच्या झाकणावर टाकू नका कारण ते झाकण आधी हरवतं, आमची दोन हरवलीत. हातोडा-पंचनं ठोकायचं नाही, पट्टी आणि फ्रेम दोन्हीला त्याचा मार बसतो. कोरायचा इलेक्ट्रिक पेन मिळतो, नाहीतर लेझर मार्किंगवाल्याकडं सगळी एकदम नेऊन एका दुपारीत काम होतं. मोजायच्या तोंडांपासून लांब, एवढंच बघायचं. दोन्ही टोकांच्या गो-नोगो प्लग गेजला आम्ही एकच नंबर ठेवतो पण रजिस्टरला दोन टोकांची मापं वेगळी लिहितो, कारण गो बाजू रोज घासते आणि नोगो वर्षानुवर्षं तशीच राहते.

कामगारांची स्वतःची साधनं हा आपल्याकडचा खास विषय. आमचे जुने टर्नर मामा आहेत, पंचवीस वर्षं त्यांच्या एप्रनच्या खिशात स्वतःचा व्हर्निअर. मी म्हटलं, "मामा, हा पण रजिस्टरला घ्यायला लागतोय." ते म्हणाले, "माझाय ओ तो, कंपनीचा न्हाय." पण त्यानं मोजलेला जॉब कंपनीचा असतो, म्हणून शेवटी त्यालाही `VC-14` नंबर पडला, कॅलिब्रेशनचा खर्च कंपनीचा, व्हर्निअर मामांचा. नंबर नसलेलं साधन फ्लोअरवर नको, मालकी कुणाचीही असू दे.

नंबर झाले की रजिस्टरच्या शीट दोन करायच्या, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथंच असतो. बहुतेक ठिकाणी एकच शीट असते, आणि नवीन सर्टिफिकेट आलं की जुनी तारीख खोडून नवीन टाकतात. म्हणजे मागचा इतिहास गेला, साधन हळूहळू घसरतंय का हे बघायची सोयच राहिली नाही. पहिल्या शीटला प्रत्येक साधनाची एकच ओळ ठेवा: नंबर, नाव आणि रेंज, कंपनीचा सिरिअल, कुठं असतं, शेवटचं कॅलिब्रेशन, किती महिन्यांनी, पुढची तारीख, शेरा, स्थिती. दुसऱ्या शीटला प्रत्येक कॅलिब्रेशनची एक ओळ, कधीही न खोडायची: नंबर, तारीख, सर्टिफिकेट नंबर, सापडलेली चूक, आपण ठरवलेली चालणारी चूक, निर्णय, आणि निर्णय कुणी घेतला.

चालणारी चूक हा कॉलम बऱ्याच रजिस्टरांत नसतोच. लॅब आपल्याला रीडिंग देते, हे साधन तुमच्या कामाला चालेल की नाही हे आपण ठरवायचं असतं, कारण आपण त्यानं काय मोजतो ते लॅबला माहीत नसतं. साधा हिशोब असा करतो की जॉबच्या टॉलरन्सच्या दहाव्या भागाच्या आसपास चूक चालवायची. आमच्या पिनेला ४३ मायक्रॉन आहेत, म्हणून तिथल्या मायक्रोमीटरला ४ मायक्रॉन. दहावा भाग प्रत्येक ठिकाणी जमेलच असं नाही, मग चौथ्या भागापर्यंत लोक येतात, पण जो आकडा ठरवाल तो सर्टिफिकेट येण्याआधी लिहून ठेवलेला असला पाहिजे, रीडिंग बघून आकडा ठरवायला लागलो की प्रत्येक साधन पासच होतं.

लॅबला देताना एक गोष्ट चलनावर लिहूनच द्या: काही जुळवायच्या आधीचं रीडिंग पण पाहिजे. झिरो हललेला मायक्रोमीटर लॅबनं आधी जुळवला आणि मग मोजला, तर सर्टिफिकेट छान येतं, पण तो गेले सहा महिने आपल्याकडं काय दाखवत होता ते कायमचं पुसलं जातं.

आता तारीख. खूप लोक पुढची तारीख सर्टिफिकेटवर शोधतात आणि नसली की लॅबला फोन करतात. लॅबनं ती स्वतःच्या मनानं छापायची नसते, आयएसओ १७०२५ मध्येच तसं आहे, ग्राहकाशी ठरलं असेल तरच छापता येते. म्हणजे एखाद्या सर्टिफिकेटवर असेलच, तर ती आपल्याच माणसानं फॉर्मवर 'एक वर्ष' लिहिलं म्हणून आलेली. मुदत ठरवायची जबाबदारी प्लांटची, आणि सगळ्यांना सरसकट एक वर्ष हा आळस झाला. लेथवर दिवसाला तीनशे पिना मोजणारा मायक्रोमीटर आणि क्वालिटी रूमच्या कपाटातली स्लिप गेज यांना एकच मुदत कशी लागेल? आम्ही लेथवरच्या मायक्रोमीटरना सहा महिने ठेवले, व्हर्निअरना बारा, आणि दुसऱ्या शीटवर सलग तीन वेळा चूक निम्म्याच्या आत दिसली तर मुदत वाढवायचा विचार, एकदा जरी बाहेर गेला तर लगेच कमी.

तारीख मोजायची कॅलिब्रेशन झालेल्या दिवसापासून. सर्टिफिकेट छापल्याच्या किंवा आपल्याकडं पोचल्याच्या दिवसापासून धरली तर प्रत्येक वेळी मुदत पंधरा-वीस दिवस पुढं सरकते. आणि सगळी शेहेचाळीस साधनं एकाच महिन्यात पाठवू नका, आम्ही आधी तसंच करायचो आणि तो आठवडा शॉप दोन उसन्या व्हर्निअरवर चालायचं. आता दर महिन्याला चार-पाच जातात आणि काम थांबत नाही.

एक्सेलमध्ये शेवटचं कॅलिब्रेशन E कॉलममध्ये, महिने F मध्ये, पुढची तारीख G मध्ये, आणि H हा हातानं लिहायचा शेरा. G आणि I मध्ये ही सूत्रं:

```
G2:  =EDATE(E2,F2)-1
I2:  =IF(AND(H2<>"",H2<>"मर्यादित वापर"),H2,IF(NOT(ISNUMBER(G2)),"तारीख तपासा",
     IF(G2<TODAY(),"मुदत संपली",
     IF(G2<=TODAY()+30,"पाठवायचं",IF(H2="","चालू",H2)))))
```

१२ मार्च २०२५ ला झालं आणि सहा महिन्यांची मुदत असली तर G मध्ये ११ सप्टेंबर २०२५ येतं, आणि ऑगस्टच्या मध्यापासून 'पाठवायचं' दिसायला लागतं. 'तारीख तपासा' हा तुकडा मी मुद्दाम घातलाय. आधी आमच्याकडं पुढची तारीख हातानं टाकायचे, कुणी टिंबं देऊन, कुणी महिन्याचं नाव लिहून, आणि एक्सेलला ती तारीख न वाटता नुसती अक्षरं वाटायची. अक्षरांची आणि आकड्यांची तुलना केली तर एक्सेल अक्षरांना कायम मोठं धरतं, म्हणजे अशी तारीख आजच्या तारखेपेक्षा कधीच लहान होत नाही, आणि ते साधन जन्मभर 'चालू' दिसतं. असं एक प्रेशर गेज आमच्याकडं दीड वर्ष 'चालू' होतं. ओळखायची खूण म्हणजे खरी तारीख सेलच्या उजवीकडं चिकटते आणि अक्षरं डावीकडं, तुम्ही स्वतः अलाइनमेंट बदललेली नसली तर. आणि महिना-दिवसाची उलटापालट होते ती वेगळीच, ५ मार्च टाकलं आणि ३ मे झालं, ही तर उजवीकडंच दिसते, म्हणून E कॉलमचा फॉरमॅट असा ठेवा की महिना अक्षरांत दिसेल.

H कॉलम कशाला, तर स्थिती नुसत्या तारखेवर ठरत नाही म्हणून. खाली पडलेला मायक्रोमीटर मुदतीत असला तरी वापरायचा नाही. H मध्ये आम्ही ठरावीक चारच शब्द ठेवलेत: वापर बंद, मर्यादित वापर, स्टोअरमध्ये, बाद. ड्रॉपडाऊन केलंय, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या भाषेत लिहितो. कॅलिब्रेशनची मुळी गरजच नसलेली साधनं, म्हणजे कंप्रेसरवरचं गेज, गॅसच्या रेग्युलेटरवरचं गेज, जिथं कुठलाही जॉब त्या आकड्यावर पास-नापास होत नाही, त्यांची यादी वेगळी आणि त्यांना पांढरा स्टिकर, 'फक्त अंदाजासाठी'. इलेक्ट्रॉनिक काट्याला वजनमापेवाल्यांचा दरवर्षीचा शिक्का असतो, तो विक्रीसाठी, त्यानं कॅलिब्रेशन झालं असं होत नाही. आपण त्या काट्यावर काही ठरवत असू तर तोही रजिस्टरला.

स्टिकरवर तीनच गोष्टी पुरतात: नंबर, झाल्याची तारीख, पुढची तारीख. हिरवा चालू, पिवळा मर्यादित, लाल बंद. कूलंटमध्ये साध्या बॉलपेनचं लिखाण आठवड्यात धुऊन जातं, म्हणून प्रिंट केलेला स्टिकर आणि वरून पारदर्शक टेप. पण प्लग गेजवर स्टिकर टिकतच नाही, छोट्या थ्रेड गेजवर तर जागाच नसते, आणि त्यासाठी अडून बसू नका. आयएसओ ९००१ ला साधनाची स्थिती ओळखता आली पाहिजे एवढंच हवंय. अंगावर नंबर कोरलेला असेल आणि फ्लोअरवर रजिस्टरची ताजी प्रिंट लावलेली असेल तर नंबरावरून स्थिती कळते. म्हणूनच मी म्हणतो स्टिकर पडला तर चालेल, नंबर पुसला तर नाही.

पिवळ्या स्टिकरवर कशासाठी मर्यादित ते लिहिलंच पाहिजे. आमच्या `VC-09` ची आतलं माप घ्यायची वरची चोच झिजलीय, बाहेरचं माप बरोबर येतं. त्याच्या पिवळ्या स्टिकरवर 'फक्त बाहेरचं माप' असं आहे, आणि चोच ग्राइंडरवर मोडून टाकलीय म्हणजे चुकूनही कुणी बोअर मोजणार नाही. लालचं तर आणखी कडक: लाल स्टिकर लावून साधन टेबलावर ठेवू नका, कुलपाच्या पेटीत टाका. रात्रपाळीला व्हर्निअर सापडला नाही की लाल स्टिकर नखानं निघतो, हे मी बघितलंय.

हे सगळं बांधल्यावर त्याची खरी परीक्षा `MIC-04` ला झाली. १० मार्चला चूक २ मायक्रॉन, पास. सप्टेंबरमध्ये लॅबला गेला आणि जुळवायच्या आधीचं रीडिंग आलं, बारा मिलीमीटरच्या जवळ ९ मायक्रॉन कमी, आणि आमची हद्द ४. त्याच दिवशी H मध्ये 'वापर बंद'. मग प्रश्न, कुठपर्यंत मागं जायचं? खरं तर १० मार्चपर्यंत, कारण तो शेवटचा बरोबर असलेला दिवस. पण महिन्यातून एकदा आम्ही १० मिलीमीटरच्या स्लिप गेजवर प्रत्येक मायक्रोमीटर बघतो आणि लिहून ठेवतो, आणि २ ऑगस्टच्या नोंदीत तो रेघेवर बरोबर होता. ९ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ एक घर, ते दिसल्याशिवाय राहिलं नसतं. म्हणून २ ऑगस्टपासून पुढं.

पहिल्या भानगडीनंतर इन्स्पेक्शन रिपोर्टवर आम्ही एक चौकोन वाढवला होता, 'कशानं मोजलं'. तेव्हा तो नव्हता म्हणून गोदामातला सगळा माल मोजायला लागला होता, दोन माणसं चार दिवस. यावेळी `MIC-04` लिहिलेले रिपोर्ट वेगळे काढले, तीन लॉट निघाले. एका लॉटला व्यासाला ०.२ ची मोकळीक होती, रीडिंग मध्यावर, ९ मायक्रॉननं त्याला काहीच फरक पडत नाही, तसं लिहून सोडला. दुसरा लॉट पिनांचा, सगळी रीडिंग ११.९७ आणि ११.९८, त्यात ०.००९ मिळवले तरी १२.००० च्या आत, तोही सोडला. तिसऱ्या लॉटला काही रीडिंग ११.९९ आणि काही सरळ १२.००. बाराला नऊ मायक्रॉन मिळवले की पिन हद्दीबाहेर, आणि ११.९९ वाल्या काठावर, कारण एका घराच्या मधलं वाचताना माणूस थोडा इकडंतिकडं करतोच. तो लॉट थांबवला. अर्धा गोदामात होता तो `MIC-06` नं शंभर टक्के मोजून जास्तीच्या पिना वेगळ्या काढल्या. अर्धा कस्टमरकडं गेला होता, त्यांना आम्ही स्वतः फोन करून लॉट नंबर दिला आणि बाजूला ठेवायला सांगितलं, मग मेल पाठवली. सकाळी लॅबचं सर्टिफिकेट आलं होतं, दुपारच्या चहापर्यंत हे सगळं झालं.

`MIC-04` दुरुस्तीला पाठवून बघितला, स्पिंडलला खेळ आला होता, त्याला पैसे घालण्यात अर्थ नव्हता. पहिल्या शीटवर त्याची ओळ अजून आहे, H मध्ये 'बाद'. त्याच्या जागी घेतलेल्या नव्या मायक्रोमीटरला स्टोअरवाला म्हणाला, चार नंबर मोकळा झालाय की, तोच टाकू. तो नंबर मोकळा झालेला नाही, त्याच्या नावावर तीन सर्टिफिकेटं आणि शेकडो रिपोर्ट आहेत. नव्यावर `MIC-12` कोरला.